मेलेल्या नाहीत, पण जिंकताही येत नाहीत : गो खेळातली 'सेकी' आणि माझा चुकलेला निकाल



आज एका चुकीबद्दल लिहिते आहे. चूक माझीच. एका शनिवारी मी चौथीतल्या एका मुलीला हरलेली ठरवलं आणि खरं तर ती जिंकलेली होती. तिचं म्हणणं बरोबर होतं आणि तिने ते एका वाक्यात सांगितलंही होतं. पण घंटा झाली होती, मला घाई होती आणि मला जो नियम पाठ होता तो अर्धाच होता.

आमच्या वर्गात शनिवारी दप्तराविना शाळा असते तेव्हा मी मुलांना 'गो' खेळायला बसवते. हा खेळ मूळचा चीनचा. पुढे जपान आणि कोरियात वाढला. माझा धाकटा भाऊ पुण्यात जपानी भाषा शिकत होता, त्याच्याकडून तो माझ्याकडे आला. खरा पट १९ आडव्या आणि १९ उभ्या रेघांचा असतो. मुलांना तो फार मोठा होतो, म्हणून शिकणाऱ्यांसाठी ९ बाय ९ चा लहान पट वापरतात. आम्ही तो जुन्या पुठ्ठ्यावर आखला आहे. काळ्या सोंगट्यांऐवजी चिंचोके आणि पांढऱ्यांऐवजी शिंप्याकडून आणलेली पांढरी बटणं.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सोंगटी चौकटीत नाही, रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठेवायची. एकदा ठेवली की हलवायची नाही. सोंगटीच्या चारी बाजूंच्या रिकाम्या जागांना आम्ही तिचे 'श्वास' म्हणतो. एकमेकींना चिकटलेल्या एका रंगाच्या सोंगट्यांचा एक गट होतो आणि त्यांचे श्वास सामाईक असतात. समोरच्याने गटाचा शेवटचा श्वास बंद केला की तो अख्खा गट पटावरून उचलायचा. शेवटी ज्याने जास्त रिकामी जागा घेरली तो जिंकला. आमच्या पद्धतीत घेरलेली जागा अधिक पकडलेल्या सोंगट्या, एवढी बेरीज करायची.

आणखी एक गोष्ट मुलं लवकर शिकतात. ज्या गटाच्या आत दोन वेगळ्या रिकाम्या जागा, म्हणजे दोन 'डोळे' असतात, तो गट कधीच मरत नाही. कारण समोरच्याला एका चालीत एकच डोळा भरता येतो, आणि दुसरा उघडा असताना पहिल्यात शिरणं म्हणजे स्वतःचाच जीव देणं. यावरून आम्ही वर्गात एक सोपं सूत्र केलं होतं : 'दोन डोळे तर जिवंत, नाहीतर मेला.' खेळ संपल्यावर घेरलेले, बिनडोळ्याचे गट न खेळताच उचलून टाकायचे. बहुतेक वेळा हे सूत्र चालतं. त्या शनिवारी चाललं नाही.

तो डाव

काळ्या सोंगट्या मुलीकडे होत्या, पांढऱ्या एका मुलाकडे. दोघांनी प्रत्येकी १४ सोंगट्या ठेवल्या होत्या, कोणी कोणाची एकही सोंगटी उचलली नव्हती. मग दोघांनीही 'पास' म्हटलं, म्हणजे आता खेळण्यासारखं काही उरलं नाही. पट असा दिसत होता :

```
· · ● ○ क ● ○ · ·
· · ● ○ ख ● ○ · ·
· · ● ○ ○ ● ○ · ·
· · ● ● ● ○ ○ · ·
· · · · ● ○ · · ·
· · · · ● ○ · · ·
· · · · ● ○ · · ·
· · · · ● ○ · · ·
· · · · ● ○ · · ·
```

डावीकडची मोकळी जागा काळ्याची, उजवीकडची पांढऱ्याची. याबद्दल वाद नव्हता. वाद होता वरच्या मधल्या भागाचा. तिथे काळ्याच्या तीन सोंगट्या एका उभ्या रेघेत आहेत. त्यांच्या उजवीकडे पांढरा, खाली पांढरा, डावीकडेही पांढरा. त्यांच्या शेजारी पांढऱ्याच्या चार सोंगट्या आहेत, इंग्रजी 'एल'च्या आकारात. त्यांच्या डावीकडे काळा, खाली काळा, उजवीकडे त्याच तीन काळ्या. या दोन गटांच्या मधे फक्त दोन जागा रिकाम्या आहेत. त्यांना मी इथे क आणि ख म्हटलं आहे.

मुलगा म्हणाला, "बाई, हिच्या या तीन मेल्यात. चारी बाजूंनी घेरल्यात, डोळा एकपण नाही."

मुलगी म्हणाली, "मग त्याच्या चार पण मेल्यात. त्यांना तरी कुठे डोळा आहे?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी पाहिलं : तीन विरुद्ध चार. ज्याच्या जास्त तो बळकट, असं काहीतरी मनात आलं असावं. मी म्हटलं, तीन मेल्या. उचल. मुलाने त्या तीन उचलल्या आणि आम्ही मोजलं. काळ्याच्या २८ जागा. पांढऱ्याच्या आधीच्या २३, अधिक त्या तीन सोंगट्यांच्या रिकाम्या झालेल्या ३ जागा, अधिक क आणि ख, म्हणजे २८. वर पकडलेल्या ३ सोंगट्या. एकूण ३१. पांढरा तीन गुणांनी जिंकला.

मुलगी एवढंच म्हणाली, "त्यानं खेळून उचलून दाखवायच्या ना, बाई."

तेवढ्यात घंटा झाली. मी "चला, सोमवारी बघू" म्हणून पट गोळा केला.

भावाचा प्रश्न

रात्री भावाला फोनवर सहज हा डाव सांगितला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, त्या तीन उचलायला पांढऱ्याने पहिली सोंगटी कुठे ठेवायची, सांग बरं."

मी म्हटलं, "क वर."

"ठेव. मग काळा काय करेल?"

मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चिंचोके आणि बटणं मांडून बसले. तुम्हीही घरी मांडून बघा. मांडल्याशिवाय हे पटत नाही.

पांढऱ्याने क वर ठेवली. आता त्या तीन काळ्यांना एकच श्वास उरला, ख. पण पांढऱ्याच्या आपल्या गटालाही तोच एक श्वास उरला. त्या गटात आता पाच सोंगट्या झाल्या आहेत. आणि चाल काळ्याची. काळा ख वर ठेवतो, पांढऱ्याचा शेवटचा श्वास बंद होतो, आणि पाचही पांढऱ्या उचलल्या जातात. पांढऱ्याने क ऐवजी ख पासून सुरुवात केली तरी हेच होतं, काळा मग क वर ठेवतो. म्हणजे 'मेलेल्या' तिघींना पकडायला गेलेला स्वतःच मेला.

मग मुलीची बाजू तपासली. तिने म्हटलं होतं की पांढऱ्याच्या चार मेल्यात. काळ्याने ख वर ठेवली. काळ्याचा गट चारचा झाला, श्वास एकच उरला, क. पांढऱ्यालाही क हाच श्वास. चाल पांढऱ्याची. तो क वर ठेवतो आणि चारही काळ्या उचलतो. म्हणजे तिचाही दावा चूक.

जो आधी हात घालेल तो मरेल. म्हणून कोणीच हात घालत नाही. दोन्ही गट डोळ्यांशिवाय पटावर तसेच राहतात, खेळ संपेपर्यंत आणि संपल्यावरही. या स्थितीला जपानीत 'सेकी' म्हणतात. चिनी भाषेत यासाठी जो शब्द आहे, श्वांगहुओ, त्याचा अर्थच 'दोन्ही जिवंत' असा आहे. मला तो शब्द जास्त आवडला, कारण आमच्या सूत्रातलं भोक तो नेमकं दाखवतो. दोन डोळे असले की गट जिवंत, हे खरं. पण दोन डोळे नाहीत म्हणून मेला, हे खरं नाही. पकडता येतो का, हा खरा प्रश्न आहे. दोन डोळे हे न पकडता येण्याचं एक कारण. सेकी हे दुसरं कारण.

मग गुण किती?

सेकी असेल तर वरच्या भागातलं काहीच उचलायचं नाही. तीन काळ्या राहतात, चार पांढऱ्या राहतात. क आणि ख या जागा दोघांना लागून आहेत म्हणून कोणाच्याच नाहीत. मग बेरीज सोपी होते. काळ्याच्या २८, पांढऱ्याच्या २३. काळा पाच गुणांनी जिंकला.

हे कागदावर उतरवल्यावर मला खरा धक्का बसला. एकच पट, एकही सोंगटी हललेली नाही, आणि तीन निकाल :

मुलाचं म्हणणं धरलं (तीन काळ्या मेल्या) तर काळा २८, पांढरा ३१. पांढरा ३ ने जिंकतो.

मुलीचं म्हणणं धरलं (चार पांढऱ्या मेल्या) तर काळ्याच्या २८ जागा, अधिक त्या चार सोंगट्यांच्या जागा, अधिक क आणि ख, म्हणजे ३४. त्यात ४ पकडलेल्या मिळवल्या की ३८. पांढरा २३. काळा १५ ने जिंकतो.

सेकी ओळखली तर काळा ५ ने जिंकतो.

चुकून एखादी जागा कमीजास्त मोजली तर एका गुणाचा फरक पडतो. सेकी ओळखता आली नाही तर या लहानशा पटावर ८ गुण इकडचे तिकडे झाले किंवा १० गुण फुगले. कारण सोंगट्या उचलल्या की दुहेरी फायदा होतो. उचललेली सोंगटी एक गुण देते आणि तिच्याखालची जागाही एक गुण देते. शिवाय मधल्या क-ख सारख्या जागा फुकटात मिळतात.

(आम्ही मुलांमध्ये 'कोमी' लावत नाही. काळा पहिली चाल खेळतो म्हणून पांढऱ्याला शेवटी जे भरपाईचे गुण देतात त्याला कोमी म्हणतात. जपानच्या मोठ्या पटावरच्या स्पर्धांत ते ६.५ असतात. तेवढेच इथे लावले असते तर सेकी धरूनही पांढरा दीड गुणाने जिंकला असता. म्हणून कोमी लावायची की नाही हे डाव सुरू होण्याआधीच ठरवा.)

ओळखायचं कसं

आता मी मुलांना एकमेकांत अडकलेल्या दोन गटांबद्दल क्रमाने तीन गोष्टी बघायला सांगते.

पहिली गोष्ट, बाहेरचे श्वास. दोन गटांच्या मधल्या जागा सोडून कोणाला बाहेरच्या बाजूने एखादा श्वास आहे का? सेकीत हीच जागा सगळ्यात जास्त फसवते. वरच्या आकृतीत पहिल्या ओळीतली, काळ्याच्या उजवीकडची पांढरी सोंगटी काढून टाका आणि ती जागा रिकामी समजा. आता काळ्या तिघींना तीन श्वास आहेत : क, ख आणि ही नवी जागा. चाल काळ्याची असेल तर तो क वर ठेवतो. पांढऱ्याला ख हा एकच श्वास उरतो. पांढरा ख वर ठेवू शकत नाही, तो स्वतःचा शेवटचा श्वास बंद करणं होईल, आणि काळ्याला अजून बाहेरचा श्वास आहे म्हणून काळा पकडलाही जात नाही. पांढरा बाहेरची जागा भरतो, काळा ख वर ठेवतो, आणि पांढऱ्या उचलतो. सेकी नव्हतीच! पण चाल पांढऱ्याची असेल, तर त्याने आधी ती बाहेरची जागा भरली की आपली पहिली आकृती तयार होते आणि सेकी होते. म्हणजे पास म्हणण्याआधी ती एक जागा भरायची की नाही, यावर चार सोंगट्यांचा जीव अवलंबून असतो. मुलं 'आता काही उरलं नाही' म्हणून पास म्हणतात तेव्हा हीच एक जागा बरेचदा उघडी राहिलेली असते.

दुसरी गोष्ट, सामाईक श्वास मोजायचे. दोघांनाही डोळा नाही आणि बाहेरचा श्वासही नाही, तर मधे कमीत कमी दोन सामाईक जागा हव्यात. एकच असेल तर ज्याची चाल तो पहिल्यांदा ती भरतो आणि समोरच्याला उचलतो. तिथे सेकी नाही, शर्यत आहे.

तिसरी गोष्ट, डोळे. दोघांनाही एकेक डोळा असेल तर मधे एकच सामाईक जागा असली तरी सेकी होते. ही दुसरी नेहमी दिसणारी सेकी. पटाच्या वरच्या तीन ओळी अशा असल्या तर :

```
● ○ · ○ · ● · ● ○
● ○ ○ ○ ○ ● ● ● ○
● ● ● ● ● ○ ○ ○ ○
```

आतल्या पांढऱ्या गटाला एक डोळा आहे, आतल्या काळ्या गटालाही एक, आणि पहिल्या ओळीत बरोबर मधे एक सामाईक जागा. पांढऱ्याने ती मधली जागा भरली की त्याच्याकडे फक्त त्याचा डोळा उरतो, आणि काळा त्या डोळ्यात सोंगटी ठेवून सगळा गट उचलतो. काळ्याने भरली तर उलटं होतं. म्हणून दोघंही गप्प.

पण एकाला डोळा आणि दुसऱ्याला नाही, असं असेल आणि बाहेरचे श्वास सगळे बंद झालेले असतील, तर सेकी समजू नका. डोळेवाला सामाईक जागा एकेक करून भरत जातो, त्याचा एक श्वास डोळ्यात सुरक्षित असतो. बिनडोळ्याच्याला त्या जागा भरता येत नाहीत, कारण शेवटची भरली की तोच मरतो. तिथे बिनडोळ्याचा गट खरंच मेलेला असतो आणि तो उचलायचाच.

जपानी मोजणी आणि चिनी मोजणी

भावाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती शिक्षकांना उपयोगी आहे. आम्ही मोजतो ती जपानी पद्धत, रिकामी जागा अधिक पकडलेल्या सोंगट्या. चिनी पद्धतीत पकडलेल्या सोंगट्या मोजत नाहीत. पटावरच्या आपल्या जिवंत सोंगट्या आणि आपण घेरलेली रिकामी जागा यांची बेरीज करतात.

आमचाच डाव तसा मोजू. काळ्याच्या पटावर १४ सोंगट्या, सेकीतल्या तीन धरून, कारण त्या जिवंत आहेत. अधिक २८ जागा, म्हणजे ४२. पांढऱ्याच्या १४ सोंगट्या अधिक २३ जागा, म्हणजे ३७. क आणि ख या दोन सामाईक जागा चिनी नियमांत दोघांना अर्ध्या अर्ध्या वाटतात. प्रत्येकाला एक. काळा ४३, पांढरा ३८. फरक पुन्हा पाचच.

वर्गासाठी या पद्धतीचा एक मोठा फायदा आहे. ९ गुणिले ९ म्हणजे ८१ जागा. ४३ अधिक ३८ बरोबर ८१. बेरीज ८१ आली नाही तर मोजणीत काहीतरी सुटलं किंवा दोनदा धरलं गेलं. चौथीची मुलं हा ताळा स्वतः करू शकतात. फक्त एक लक्षात ठेवा : ८१ चा ताळा मोजणीची चूक पकडतो, निकालाची नाही. मी तीन काळ्या उचलून चुकीचा निकाल दिला होता, तोही चिनी पद्धतीने मोजला तर काळ्याच्या ११ सोंगट्या अधिक २८ म्हणजे ३९, आणि पांढऱ्याच्या १४ अधिक २८ म्हणजे ४२. बेरीज ८१ च! कोण जिवंत आणि कोण मेलेलं हे बेरीज सांगत नाही.

दोन्ही पद्धतींत खरा फरक पडतो तो सेकीतल्या डोळ्यांचा. जपानमध्ये १९८९ साली लिहिलेल्या नियमांप्रमाणे सेकीत असलेल्या गटांनी घेरलेली जागा गुणांत धरत नाहीत. म्हणजे दुसऱ्या आकृतीतले दोन्ही डोळे शून्य. चिनी पद्धतीत ते डोळे ज्याचे त्याला एकेक गुण देतात. तिथे दोघांना एकेक डोळा आहे म्हणून निकालात फरक पडत नाही. पण सगळ्या सेकीत डोळे सारखे नसतात. काळ्याचे एकेक डोळ्याचे दोन गट आणि त्यांच्या मधे, दोघांशी एकेक सामाईक श्वास असलेला, पांढऱ्याचा बिनडोळ्याचा गट, अशीही सेकी होते. तिथे जपानी पद्धतीत काळ्याला त्या डोळ्यांचं काही मिळत नाही, चिनी पद्धतीत दोन गुण मिळतात. एका गुणाने हरणाऱ्याला हे सांगून बघा! म्हणून कोणत्या पद्धतीने मोजणार तेही आधीच ठरवायचं.

सोमवार

सोमवारी परिपाठ झाल्यावर मी फळ्यावर तो पट काढला. मुलाला म्हटलं, "तू म्हणत होतास ना, या तीन मेल्यात? मग पकडून दाखव. पहिली चाल तुझी."

त्याने क वर बटण ठेवलं. मुलीने लगेच ख वर चिंचोका ठेवला आणि पाच बटणं उचलली. तो म्हणाला, "थांब, थांब, परत." मी परत मांडू दिलं. त्याने ख पासून केलं. पुन्हा पाच गेली. मग तो स्वतःच म्हणाला, "हिला करू दे आता." तिने केलं, तिच्या चार गेल्या. वर्गातल्या मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे कोणीच जायचं नाही आत!"

मग मी सगळ्यांसमोर सांगितलं की शनिवारचा निकाल चुकला होता. काळा पाच गुणांनी जिंकला होता. वहीतला निकाल खोडून बरोबर लिहिला. त्या मुलीने फार काही म्हटलं नाही. फक्त मोजून बघितलं, २८ आणि २३, आणि विचारलं, "मग मी चार मेल्यात म्हटलं, ते पण चूकच ना?" मी हो म्हटलं. तिला ते मान्य होतं. जिंकण्यापेक्षा बरोबर काय हे तिला हवं होतं, आणि तेच तिने शनिवारी मागितलं होतं.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे. तिचंच वाक्य आहे ते. कोणी म्हणालं की समोरचा गट मेला आहे आणि समोरच्याला पटत नसेल, तर आधी पटाचा फोटो काढायचा किंवा वहीत उतरवून घ्यायचा. मग दावा करणाऱ्याने पहिली चाल खेळून तो गट पकडून दाखवायचा. पकडता आला तर मेला. पकडायला जाऊन स्वतःच मेला किंवा पकडताच आला नाही, तर जिवंत. त्यानंतर पट पुन्हा फोटोप्रमाणे मांडायचा आणि मगच मोजायचं. पुन्हा मांडणं विसरू नका, कारण जपानी मोजणीत स्वतःच्याच जागेत जास्तीची सोंगटी ठेवली की एक गुण कमी होतो, आणि पडताळणीच्या चाली मोजणीत शिरल्या तर निकाल पुन्हा बिघडतो.

मी आता निकाल देत नाही. वाद झाला की फक्त म्हणते, "पकडून दाखव." आणि हात मागे घेऊन बसते.